सदोमचं नेमकं पाप कोणतं? एक गोष्ट, तीन धर्म आणि क्विअर वाचन

अलिबागच्या इस्रायल आळीत ज्यूंचं सिनेगॉग आहे. तिथून दक्षिणेला निघून रेवदंड्याची खाडी पुलावरून ओलांडली की कोर्लईचं चर्च लागतं, आणि तसंच किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुडपर्यंत गेलं की कोकणी मुसलमानांच्या मशिदी. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत तिन्ही पाहून होतो. प्रार्थनेची भाषा तिन्हीकडे वेगळी, सणवार वेगळे. पण एक गोष्ट तिघांच्याही ग्रंथांत आहे. ज्यू आणि ख्रिस्ती तिला लोटची गोष्ट म्हणतात, मुसलमान हजरत लूत यांचा किस्सा म्हणतात. समलैंगिक संबंधांचा विषय निघाला की तिन्ही समाजांत पहिलं बोट बहुधा याच गोष्टीकडे जातं: देवाने एक अख्खं शहर जाळलं, ते कशासाठी?

गेल्या सत्तरएक वर्षांत अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न पुन्हा उकरून काढला आहे. धर्मग्रंथांच्या ‘क्विअर वाचना’बद्दल आपल्याकडे दोन टोकाचे गैरसमज दिसतात. एक म्हणजे, हे ग्रंथ बदलायला निघालेत. दुसरा म्हणजे, ग्रंथांत समलैंगिकतेला मान्यता होतीच, ती कुणीतरी लपवून ठेवली, हे आता सिद्ध झालंय. दोन्ही खरं नाही. क्विअर वाचन ही टीका लिहिण्याची, भाष्य करण्याची एक रीत आहे. संहिता तीच ठेवायची, पण लैंगिकतेबद्दल आपण जे गृहीत धरून ती वाचतो ते गृहीतक संहितेत आहे की आपण बाहेरून आणलंय, हे तपासायचं. त्यातून काय हाती लागतं आणि काय लागत नाही, हे समजायला सगळे ग्रंथ चाळण्यापेक्षा ही एकच गोष्ट नीट वाचलेली बरी.

गोष्ट काय सांगते

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा अठरावा आणि एकोणिसावा अध्याय एका दमात वाचायला हवेत. सिनेगॉगमध्येही ते एकाच साप्ताहिक पाठात येतात, आणि तो पाठ दरवर्षी साधारण दिवाळीच्या आगेमागे वाचला जातो. अठराव्या अध्यायात भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलेला असतो. तीन अनोळखी माणसं दिसतात. तो धावत सामोरा जातो, पाय धुवायला पाणी देतो, पत्नी सारेला भाकरी करायला सांगतो, चांगलं कोवळं वासरू निवडून रांधायला देतो. कोकणात उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणी देतात आणि कोण, कुठला हे मग विचारतात, तसंच हे. पाहुणे कोण आहेत हे अब्राहामाला तेव्हा ठाऊक नसतं.

त्यातले दोघे पुढे संध्याकाळी सदोमच्या वेशीवर पोहोचतात. तिथे अब्राहामाचा पुतण्या लोट बसलेला असतो. तो स्वतः त्या गावात उपरा आहे. तो आग्रह करून दोघांना घरी नेतो, जेवू घालतो. पाठ टेकायच्या आत गावातले पुरुष, तरुणांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे, घराला गराडा घालतात. “आज रात्री तुझ्याकडे आलेली माणसं बाहेर काढ,” म्हणतात, “आम्हाला त्यांना जाणायचंय.” लोट दार मागे ओढून घेऊन बाहेर येतो, विनवण्या करतो, आणि मग वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईल असं काहीतरी बोलतो: माझ्या दोन मुली आहेत, कुमारिका आहेत, त्यांना बाहेर आणतो, त्यांचं हवं ते करा, पण या माणसांना हात लावू नका, कारण ती माझ्या छपराखाली आली आहेत. जमाव भडकतो. हा उपरा इथे राहायला आला आणि आता आमचा न्याय करतो! ते दार फोडायला धावतात. पाहुणे देवदूत असतात. ते जमावाला आंधळं करून टाकतात. पहाटे लोटचं कुटुंब बाहेर निघतं आणि शहरावर गंधक आणि अग्नी बरसतो. मागे वळून पाहणारी लोटची बायको मिठाचा खांब होते.

‘जाणणं’ यासाठी हिब्रूत जे क्रियापद आहे ते ओळख करून घेण्यालाही वापरतात आणि शरीरसंबंधालाही. आधुनिक वादाची पहिली ठिणगी इथेच पडली. १९५५ मध्ये डेरिक शेर्विन बेली या अँग्लिकन धर्मगुरूने मांडलं, की जमावाला फक्त ही परकी माणसं कोण आहेत याची चौकशी करायची होती. हे क्रियापद हिब्रू बायबलमध्ये नऊशेहून जास्त वेळा येतं आणि त्यातल्या मोजक्याच ठिकाणी अर्थ लैंगिक आहे, हा त्याचा आधार.

हा युक्तिवाद आजही समाजमाध्यमांवर फिरतो, म्हणून तो कुठे गळतो ते पाहू. दोनच ओळींनंतर लोट आपल्या मुलींबद्दल म्हणतो, की त्यांनी पुरुषाला ‘जाणलेलं’ नाही. तिथे तेच क्रियापद आहे आणि अर्थाबद्दल काहीही शंका नाही. चौकशी करायला आलेल्या लोकांपुढे कुणी कुमारिका मुली ठेवत नाही. त्यामुळे परंपरावादी अभ्यासकच नव्हे, क्विअर वाचन करणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी बेलीचा हा मुद्दा पुढे सोडून दिला. जमाव लैंगिक अत्याचारच करायला आला होता, हे आता जवळपास सगळे मान्य करतात. वाद पुढे सरकलाय तो असा: पाप त्यातल्या ‘पुरुषाने पुरुषाशी’ या भागात आहे, की ‘अत्याचार’ या भागात?

ग्रंथच ग्रंथाबद्दल काय म्हणतो

याचं उत्तर शोधायची जुनी रीत म्हणजे त्याच परंपरेतल्या नंतरच्या लोकांनी गोष्ट कशी वाचली ते बघणं. यहेज्केल संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सदोमचं पाप सरळ नाव घेऊन सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निर्धास्त सुबत्ता, आणि तरीही गोरगरिबांना हात न देणं. यशया संदेष्टा यरुशलेमच्या पुढाऱ्यांना ‘सदोमचे अधिकारी’ म्हणून हाक मारतो आणि यादी देतो ती अनाथ-विधवांवरच्या अन्यायाची. येशूही शिष्यांना गावोगाव पाठवताना सदोमचं नाव घेतो, आणि तेही जे गाव तुम्हाला दारात घेणार नाही त्याच्या संदर्भात.

ज्यू धर्मपंडितांनी तर या वाचनाला हाडामांसाच्या कथा जोडल्या. तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या सनहेद्रिन या भागात सदोमचं वर्णन आहे. तिथे पाहुण्यासाठी एक पलंग ठेवलेला असे. माणूस पलंगापेक्षा लांब असला तर त्याला कापायचे, आखूड असला तर ताणायचे. भिकारी आला की प्रत्येक जण त्याला आपलं नाव कोरलेलं नाणं द्यायचा, पण भाकरी कुणीच विकायचं नाही. तो भुकेने मेला की जो तो येऊन आपापलं नाणं परत घेऊन जायचा. एका मुलीने पाण्याच्या घागरीत लपवून गरिबाला भाकरी दिली. हे कळल्यावर तिला मध फासून तटावर उभी केली आणि मधमाश्यांनी तिला मारलं. त्या मुलीचा आकांत देवापर्यंत पोहोचला, असं तालमूद म्हणतो. मला विचाराल तर या सगळ्या वादातलं सगळ्यात झोंबणारं वाक्य यापेक्षाही छोटं आहे. मिश्ना या तालमूदच्या मूळ गाभ्यात ‘माझं ते माझं, तुझं ते तुझं’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल लिहिलंय की हा मध्यम स्वभाव झाला. आणि लगेच पुढे, पण काहींच्या मते हा सदोमचा स्वभाव.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग झालं की, प्रश्न मिटला. मिटत नाही. दुसरी बाजू पोकळ नाही. यहेज्केलच्या त्याच यादीत पुढच्या ओळीत ‘अमंगळ कृत्य’ हाही शब्द आहे, आणि लेवीयच्या पुस्तकात पुरुषाने पुरुषाशी स्त्रीसारखं निजण्याला जो निषेध आहे तिथेही तोच शब्द येतो. अमेरिकेतले रॉबर्ट गॅगनन यांच्यासारखे अभ्यासक हा धागा पुढे करतात: यहेज्केलला लैंगिक पापही अभिप्रेत होतं, गर्व आणि वासना त्याला वेगळ्या वाटतच नव्हत्या. यावर उलट उत्तर असं, की हा शब्द हिब्रू बायबलमध्ये खोट्या मापापासून मूर्तिपूजेपर्यंत अनेक गोष्टींना वापरलाय. नव्या करारातलं यहूदाचं छोटं पत्र मात्र सदोमच्या संदर्भात व्यभिचार आणि ‘परक्या देहामागे जाणं’ असं स्पष्ट म्हणतं. आता हा परका देह म्हणजे पुरुषाचा, की माणसांच्या रूपात आलेल्या देवदूतांचा? इथे दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम आहेत.

निर्णायक म्हणता येणार नाही, पण सगळ्यात वजनदार वाटतो तो पुरावा दुसऱ्या एका गोष्टीत आहे. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात गिबा नावाच्या गावी जवळजवळ हाच प्रसंग पुन्हा घडतो. वाटसरू, संध्याकाळ, आसरा देणारा म्हातारा, घराला गराडा, आणि तीच मागणी. इथे देवदूत नाहीत. वाटसरू आपल्या उपपत्नीला बाहेर ढकलतो. रात्रभर तिच्यावर अत्याचार होतात आणि सकाळी ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली सापडते. पुढे यावरून मोठं युद्ध होतं. त्या युद्धाचं कारण सांगताना तो माणूस म्हणतो, की ते मला मारणार होते आणि माझ्या बाईवर त्यांनी बलात्कार केला. पुरुषांतल्या वासनेबद्दल तो चकार शब्द काढत नाही. क्विअर वाचन करणारे इथे बोट ठेवतात: गिबाच्या गोष्टीवरून स्त्री-पुरुष संबंध पाप आहेत असं आजवर कुणी म्हटलं नाही, मग सदोमवरून पुरुष-पुरुष संबंधांबद्दल नियम कसा काढायचा? दोन्हीकडे जमाव परक्याला नामोहरम करायला आला होता आणि बलात्कार हे त्याचं हत्यार होतं.

याच गोष्टीमुळे क्विअर वाचन ‘आरोपी निर्दोष सुटला’ एवढ्यावर थांबत नाही. स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारलं, की सदोमला पाहुणचाराची गोष्ट म्हणून गौरवताना त्या दोन मुलींचं काय करायचं? ज्या पाहुणचारात घरच्या पोरी देऊन बाहेरचे पुरुष वाचवले जातात, तो आदर्श कसा? इथे प्रश्न विचारणाऱ्याचा रोख समलैंगिकतेवरून घरातल्या सत्तेवर वळतो: कुणाचं शरीर सुरक्षित ठेवायचं हे कोण ठरवतं? परंपरावादी वाचकांतही लोटच्या या बोलण्याचं समर्थन करणारे फार थोडे, हे सांगायला हवं.

गावाचं नाव गुन्ह्याचं कसं झालं

मग सदोम आणि पुरुषांमधला संभोग हे समीकरण पक्कं कधी झालं? इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो हे उघडपणे लिहितो, आणि गंमत अशी की तोही सुरुवात सुबत्तेपासूनच करतो: खायला जास्त झालं, त्यातून वासना माजली. पुढे चर्चच्या अनेक आचार्यांनी हेच वाचन उचललं. अकराव्या शतकाच्या मध्यावर पीटर डेमियन या संन्याशाने पोपला उद्देशून धर्मगुरूंमधल्या या पापाविरुद्ध ग्रंथ लिहिला. मार्क जॉर्डन या इतिहासकाराचं म्हणणं असं, की सदोम या गावापासून ‘सदोमी’ असं भाववाचक नाव घडलं ते या काळात. गाव मागे पडलं, त्याचा गर्व, त्याची कंजुषी मागे पडली, आणि उरलं ते एका शारीरिक कृत्याचं नाव.

हे नाव कोकणात गोष्टीच्या रूपाने आलं त्याहून कायद्याच्या रूपाने अधिक आलं. रेवदंडा-चौल आणि वसई पोर्तुगीजांकडे होते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसलं, आणि पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या अखत्यारीत सदोमी हा गुन्हा होता. इंग्रजांकडे हा गुन्हा १५३३ मध्ये चर्चच्या न्यायालयातून राजाच्या कायद्यात आला होता. त्याच वंशातलं कलम १८६० मध्ये भारतीय दंडसंहितेत ३७७ क्रमांकाने बसलं. त्यात सदोमचं नाव नव्हतं, ‘निसर्गक्रमाविरुद्ध संभोग’ असे शब्द होते. संमती होती की नव्हती, हा प्रश्न त्या कलमाला पडतच नव्हता. लोटच्या दारावरचा जमाव आणि बंद खोलीत राजीखुशीने एकत्र आलेले दोघे, दोघांनाही एकच कलम.

कुराणातले लूत

कुराणात हा किस्सा अनेक सूरांमध्ये म्हणजे अध्यायांमध्ये येतो, आणि बायबलपेक्षा वेगळा येतो. लूत इथे नुसते उपरे गृहस्थ नाहीत, पैगंबर आहेत. त्यांनी लोकांना आधीच इशारा दिलेला आहे. आणि तो इशारा सातव्या सूरेत थेट आहे: तुम्ही स्त्रियांना सोडून पुरुषांकडे वासनेने जाता. त्यामुळे बायबलमध्ये जी जागा संदिग्ध आहे ती इथे तितकी संदिग्ध नाही. परंपरेतल्या भाष्यकारांचं म्हणणं याच वाक्यावर उभं आहे: इथे कृत्याचंच नाव घेतलंय, जमाव यायच्या आधी घेतलंय, तेव्हा दोष फक्त बलात्काराचा म्हणता येत नाही.

स्कॉट सिराजुल हक कुगल या मुस्लिम अभ्यासकाने २०१० च्या सुमारास याला सविस्तर उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा, की ही वाक्यं सुटी काढू नका, सगळ्या सूरा शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकोणतिसाव्या सूरेत त्याच श्वासात ‘वाट अडवणं’ आणि ‘भर सभेत दुष्कृत्य’ असे आरोप येतात. पंधराव्या सूरेत लूत म्हणतात, हे माझे पाहुणे आहेत, माझी बेअब्रू करू नका. आणि जमाव उत्तर देतो, परक्यांना थारा द्यायला आम्ही तुला बंदी केली नव्हती का? हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून जमावाचा राग कशाचा होता ते दिसतं. शिवाय सव्विसाव्या सूरेत हे पुरुष आपल्या बायका सोडून आलेत असं म्हटलंय. कुगल यावरून म्हणतात, की हे बायका असलेले, सत्ता असलेले पुरुष पैगंबराचा अधिकार मोडायला बलात्कार वापरत होते. ज्याची ओढच मुळात आपल्या लिंगाच्या माणसाकडे आहे, त्याच्याबद्दल ही आयत म्हणजे हे वचन बोलत नाही.

टीकाकारांनी या मांडणीला सोडलेलं नाही. ‘वासनेने’ हा शब्द आयतीत असताना हेतू फक्त सत्तेचा होता कसं म्हणायचं, आणि चौदाशे वर्षांत एकाही मोठ्या भाष्यकाराला हा अर्थ का सुचला नाही, असे दोन सवाल मोबीन वैद यांच्यासारख्यांनी केले. दुसरा सवाल परंपरेत जास्त वजनाचा. इस्लामी धर्मशास्त्रात उलेमांची दीर्घ एकवाक्यता हा स्वतःच एक आधार मानला जातो. कुगल यांची बाजू घेणाऱ्यांना म्हणूनच आयतीचा अर्थ सांगून भागत नाही. अर्थ लावायचा अधिकार कोणाचा, हा त्याहून मोठा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

एकवाक्यता होती ती कृत्य पाप असण्याबद्दल. शिक्षेबद्दल मात्र नव्हती, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कुराणात लूतच्या किस्स्यात आपत्तीचं वर्णन आहे, पण न्यायाधीशाने काय शिक्षा द्यावी ते तिथे सांगितलेलं नाही. त्यामुळे फिकह म्हणजे इस्लामी न्यायशास्त्राच्या पंथांनी वेगवेगळे मार्ग काढले. इमाम अबू हनीफा यांच्या मते हा व्यभिचाराच्या ठरलेल्या शिक्षेचा विषय नव्हे, काझीने आपल्या विवेकाने शिक्षा ठरवावी. त्यांच्याच दोन प्रमुख शिष्यांना हे पटलं नाही. शाफई पंथाने हे कृत्य व्यभिचाराच्या बरोबरीला धरलं. महाराष्ट्रातले बरेचसे सुन्नी मुसलमान हनफी, पण कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, कारण त्यांचे संबंध समुद्रामार्गे अरबस्तानाशी. म्हणजे घाटावरचा आणि किनाऱ्यावरचा मौलवी या एका मुद्द्यावर वेगळ्या ग्रंथांतून बोलू शकतो. अर्थात ही चर्चा पुस्तकातली. भारतात फौजदारी कायदा सगळ्यांना एकच आहे.

खालेद अल-रुवायहेब या इतिहासकाराने आणखी एक गाठ सोडवली. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या अरब जगात धर्मशास्त्र ज्याचा निषेध करत होतं ते एक ठरावीक कृत्य होतं. त्याच काळात देखण्या तरुणावरच्या प्रेमाच्या कविता भले भले धर्मपंडित लिहीत होते, आणि त्यांना त्यात विसंगती दिसत नव्हती. ‘समलैंगिक व्यक्ती’ हा आपला आजचा साचा त्या काळात नव्हताच. हे दोन्ही पक्षांना अडचणीचं आहे. जुने ग्रंथ समलैंगिक माणसांना शाप देतात म्हणणाऱ्यांनाही, आणि जुन्या काळी समलैंगिकतेला मोकळीक होती म्हणणाऱ्यांनाही.

संस्थांनी काय केलं

अभ्यासकांचे वाद प्रत्यक्ष प्रार्थनास्थळापर्यंत पोहोचतात ते संस्थांच्या निर्णयांतून. यातला सगळ्यात विलक्षण प्रसंग अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह ज्यू पंथाचा. नाव तसं असलं तरी हा पंथ कडवे ऑर्थोडॉक्स आणि सुधारक रिफॉर्म यांच्या मधला. डिसेंबर २००६ मध्ये त्यांच्या पंचवीस सदस्यांच्या धर्मशास्त्र समितीपुढे परस्परविरोधी निवाडे आले. एका निवाड्याने जुनी बंदी कायम ठेवली. दुसऱ्याने लेवीयमधला पुरुषा-पुरुषांतल्या गुदसंभोगाचा निषेध तसाच ठेवला, पण त्याभोवती नंतरच्या पंडितांनी घातलेली कुंपणं ‘माणसाची प्रतिष्ठा’ या तालमूदमधल्या तत्त्वावर काढून टाकली आणि समलैंगिक व्यक्तींना रब्बी म्हणजे धर्मगुरू होण्याची वाट मोकळी केली. दोन्ही निवाड्यांना तेरा-तेरा मतं पडली, दोन्ही ग्राह्य ठरले! त्या पंथाच्या नियमांत हे बसतं, कारण एकाच सदस्याला दोन्ही निवाड्यांना मत देता येतं. कोणता निवाडा पाळायचा हे त्या त्या ठिकाणच्या रब्बीवर सोडलं. अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्रायल ज्यूंची सिनेगॉगं बहुतेक पारंपरिक वळणाची, त्यांना हे निर्णय लागू नाहीत. पण दोन उलट मतं एकाच धर्मशास्त्रात नांदू शकतात, ही कल्पना तालमूद वाचणाऱ्याला नवी वाटणार नाही.

कॅथलिक चर्चची चाल वेगळी. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात समलैंगिक कृत्यांना गंभीर दोष म्हणताना तळटीपेत आधार म्हणून सदोमचा अध्यायही दिला आहे. पुढच्याच परिच्छेदात अशा व्यक्तींना आदराने आणि करुणेने स्वीकारावं असंही म्हटलंय. २०१९ मध्ये व्हॅटिकनच्याच बायबल आयोगाने एका मोठ्या दस्तऐवजात लिहिलं, की सदोमच्या गोष्टीत निषेध आहे तो परक्याशी वागण्यातल्या निर्दयपणाचा आणि हिंसेचा. म्हणजे सदोमचं वाचन बदललं, पण शिकवण बदलली नाही, कारण ती लेवीय, पौलाचं रोमकरांस पत्र आणि निसर्गनियमाची कल्पना यांवरही टेकलेली आहे. वादात इथेच बऱ्याच जणांची फसगत होते: सदोम पाहुणचाराची गोष्ट आहे हे मान्य केलं म्हणून बाकीची वचनं गायब होत नाहीत, आणि ती वचनं आहेत म्हणून सदोमचा जुना अर्थ आपोआप बरोबर ठरत नाही. प्रत्येक उताऱ्याचा हिशोब वेगळा. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात समलिंगी जोडप्यांना विवाहविधीसारखा सोहळा न करता साधा आशीर्वाद द्यायला परवानगी मिळाली, आणि आफ्रिकेतल्या बिशपांनी लगेच आपल्याकडे तो देणार नाही असं कळवलं.

हिंदू समाजातला वाद मी इथे मुद्दाम उघडला नाही. तिथे सदोमसारखी एक मध्यवर्ती गोष्ट नाही. शिखंडी, मोहिनी आणि मनुस्मृतीतली प्रायश्चित्तं यांचा तो वेगळाच विषय आहे.

भारतात हे सगळे प्रवाह एकत्र आले ते ३७७ च्या खटल्यात. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीने होणारे संबंध कलमातून वगळले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि ख्रिस्ती संघटना एका रांगेत होत्या. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी, ज्यांच्या धर्मप्रांतात तेव्हा कोर्लईही येत होतं, सांगितलं की चर्च समलैंगिक विवाहाच्या विरोधात असलं तरी या माणसांना गुन्हेगार मानत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. जबरदस्ती मात्र कलमात राहिली. दीडशे वर्षांनी कायद्याने जमाव आणि जोडपं यांत फरक केला.

मग १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ हे कलम उरलंच नाही, जबरदस्तीच्या भागासकट. नव्या संहितेत बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेल्या कृत्याचीच आहे. त्याच ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा मुद्दा निघाला आणि न्यायालयाने केंद्राला यावर लवकर निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम संसदेचं म्हणून हस्तक्षेपाला नकार दिला. त्यामुळे त्या रात्री सदोमचे लोक ज्यासाठी लोटच्या दारावर आले होते, प्रौढ पुरुषावर बलात्कार करायला, त्या गुन्ह्यासाठी संहितेत आता स्वतंत्र कलम नाही. तक्रार आलीच तर पोलिसांना ती दुखापत, धमकी, डांबून ठेवणं अशा कलमांत बसवावी लागते.